नाइट कुणाला किती? एका ड्यूटी लिस्टचा हिशेब

नवी ड्यूटी लिस्ट लागली की वॉर्डात पहिल्यांदा मोबाइल बाहेर निघतात. सिस्टर इन्चार्जने पट्टी धरून आखलेला, दोन रंगांच्या पेनांनी भरलेला आणि दोन-तीन ठिकाणी व्हाइटनर लागलेला तो कागद नोटीस बोर्डावर टाचला जातो. पाच मिनिटांत त्याचा फोटो वॉर्डाच्या ग्रुपवर पोचतो. प्रत्येक जण आपली ओळ शोधते, आपल्या नाइट मोजते आणि आपला रविवार सुटला का ते बघते. शेजारणीची ओळ फारसं कुणी वाचत नाही आणि उभे स्तंभ तर कुणीच वाचत नाही. म्हणूनच तक्त्यातली चूक सहसा सापडते ती रात्री आठ वाजता, एक सिस्टर घरी निघायची वाट पाहत असते आणि ओव्हर घ्यायला कुणी आलेलं नसतं तेव्हा.

असा फोटो हातात आला तर त्यातल्या चुका पद्धतशीर शोधता येतात, नाइटचं वाटप सरळ आहे का हे पाहता येतं आणि नसेल तर दुसरं वाटप सुचवताही येतं. त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही. शाळेतली बेरीज-वजाबाकी आणि थोडा चिवटपणा पुरतो.

उदाहरण म्हणून एक तीस खाटांचा मेडिसीन वॉर्ड घेऊ. तक्ता नमुन्यासाठी रचलेला आहे, पण त्यातल्या चुका कोणत्याही खऱ्या वॉर्डात भेटतील अशाच आहेत. आठ परिचारिका, म्हणजे आठ ओळी. सोमवार १ तारखेपासून रविवार १४ तारखेपर्यंत चौदा स्तंभ. मॉर्निंग सकाळी ८ ते दुपारी २, इव्हनिंग २ ते रात्री ८ आणि नाइट रात्री ८ ते सकाळी ८. प्रत्येक पाळीला दोघी हव्यात. सातव्या ओळीतली सिस्टर गरोदर आहे आणि तिला नाइट लावायची नाही, हे ठरलेलं आहे. चौथ्या आणि आठव्या ओळीतल्या दोघी नुकत्याच रुजू झाल्या आहेत.

पहिलं काम फोटो वाचण्याचं, आणि निम्म्या चुका इथेच जन्माला येतात. कागद तिरका टिपला की उजवीकडच्या ओळी वर सरकल्यासारख्या दिसतात आणि बाराव्या स्तंभाशी पोचेपर्यंत डोळा एक ओळ खाली उतरलेला असतो. प्लॅस्टिकच्या फोल्डरवर ट्यूबलाइटचा पट्टा पडला की त्याखालच्या तीन-चार चौकटी पुसून गेल्यासारख्या होतात. ग्रुपवर साधा फोटो टाकला तर व्हॉट्सअॅप त्याचा आकार लहान करतं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर अक्षरं जशीच्या तशी राहतात. कागदाचे चारही कोपरे चौकटीत यायला हवेत. तक्ता लांब असेल तर दोन फोटो काढावेत आणि दोन्हींमध्ये नावांचा स्तंभ दिसेल असं पाहावं. तळाशी सगळ्यांचे मोबाइल नंबर किंवा कुणाच्या रजेचं कारण लिहिलेलं असेल, तर फोटो पुढे पाठवण्याआधी तो भाग कापलेला बरा. नाइटचा हिशेब करायला कुणाच्या ऑपरेशनची माहिती लागत नाही.

तक्ता संगणकात उतरवताना दोघांनी बसावं, एकाने वाचावं आणि दुसऱ्याने टाइप करावं. वाचणाऱ्याने ओळीखाली पट्टी ठेवावी. सगळ्यात घातक जोडी एम आणि एन यांची. घाईने लिहिलेल्या एमचा शेवटचा पाय आखूड राहिला की त्याचा एन होतो, म्हणजे सकाळची ड्यूटी रात्रीची होते. ‘डीओ’ म्हणजे साधी सुट्टी आणि ‘एनओ’ म्हणजे नाइट ऑफ, यांचीही तशीच गल्लत होते, पण तिथे निदान दोन्हीकडे माणूस घरीच असतो.

नमुन्याचा तक्ता उतरवून झाल्यावर लगेच आडव्या ओळी तपासायला घेऊ नयेत. आधी उभे स्तंभ मोजावेत. रोज दोन मॉर्निंग, दोन इव्हनिंग, दोन नाइट आणि दोघी घरी, असा आठांचा हिशेब बसायला हवा. ९ तारखेच्या स्तंभात तो बसत नाही. तिथे मॉर्निंग एकच निघते आणि नाइट तीन. एक कमी आणि एक जास्त अशी जोडी दिसली की बहुतेक वेळा वाचण्यातच घोटाळा झालेला असतो. त्या दिवशी नाइट दिसते ती पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत. पहिल्या ओळीत ८ ला मॉर्निंग, ९ ला नाइट आणि १० ला पुन्हा मॉर्निंग, असा क्रम लागतो. फोटो मोठा करून पाहिलं तर तिथे व्हाइटनरवर लिहिलेला एम आहे आणि त्याचा शेवटचा पाय व्हाइटनरच्या कडेवर फिका पडलाय. तरीही ‘असंच असणार’ म्हणून बदलून टाकू नये. वॉर्डात असलेल्या कुणालातरी मूळ कागद पाहायला सांगावं. बेरीज संशय कुठे घ्यायचा हे दाखवते, खरं काय ते कागदच सांगतो.

११ तारखेचा स्तंभही बिघडलेला आहे, पण वेगळ्या तऱ्हेने. तिथे इव्हनिंगला एकच जण आहे आणि घरी तिघी आहेत. मूळ कागदावरही तसंच आहे. दुसऱ्या ओळीतल्या सिस्टरची सीएल उशिरा मंजूर झाली, तिची इव्हनिंग खोडली गेली आणि तिच्या जागी कुणाला लावायचं राहून गेलं. म्हणजे हे खरंखुरं भोक आहे. दोन बिघाडांतला हा फरक महत्त्वाचा. पहिला तपासणाऱ्याच्या डोळ्यांचा आहे, दुसरा तक्त्याचा. पहिला न निस्तरता इन्चार्जकडे तक्रार घेऊन गेलं, की पुढची खरी चूकही ती ऐकून घेणार नाही.

स्तंभ जुळले की आडव्या ओळी. इथे एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. तक्त्यावर नाइट एका तारखेच्या चौकटीत बसते, पण ती संपते दुसऱ्या तारखेला सकाळी ८ वाजता. चौकट ६ तारखेची, पण घरी जायचं ७ तारखेला. त्यामुळे दोन चौकटी शेजारी छान दिसल्या तरी त्यांच्यामध्ये विश्रांती किती उरते, हे घड्याळ लावूनच कळतं. या वॉर्डाच्या वेळा पाहता नाइटनंतर दुसऱ्याच दिवशी मॉर्निंग लागली तर विश्रांती शून्य. इव्हनिंग लागली तर सकाळी ८ ते दुपारी २ असे सहा तास, आणि त्यातच घरी जाणं, अंघोळ, झोप, डबा आणि परत येणं. नाइटनंतर नाइट असेल तर बारा तास मिळतात. बाकी कुठल्याही जोडीत बारा किंवा जास्त. म्हणजे शोधायच्या जोड्या दोनच, नाइट-मॉर्निंग आणि नाइट-इव्हनिंग. वेळा बदलल्या तर जोड्याही बदलतात. जिथे इव्हनिंग रात्री १० पर्यंत चालते आणि मॉर्निंग सकाळी ७ ला सुरू होते, तिथे इव्हनिंगनंतरची मॉर्निंगसुद्धा नऊच तास देते. म्हणून दुसऱ्या रुग्णालयाचा नियम उचलून इथे लावता येत नाही.

किती विश्रांती पुरेशी, याला आधार आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ मध्ये परिचारिकांसाठी केलेल्या शिफारशीत दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तास सलग विश्रांती असावी असं म्हटलंय. आठवड्याची सलग विश्रांती शक्यतो ४८ तासांची आणि कोणत्याही परिस्थितीत ३६ तासांपेक्षा कमी नको, असंही त्यात आहे. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या तासांविषयीच्या निर्देशात रोजची किमान विश्रांती अकरा तासांची आहे. १९७७ ची शिफारस बंधनकारक नाही, पण तक्ता तपासायला हातात मोजपट्टी लागतेच, आणि ही चांगली मोजपट्टी आहे.

ती लावल्यावर पाचवी ओळ लगेच पकडली जाते. तिथे ४, ५ आणि ६ तारखेला नाइट आहे आणि ७ ला मॉर्निंग. म्हणजे शनिवारी रात्री ८ पासून रविवारी दुपारी २ पर्यंत सलग अठरा तास. असं कुणी ठरवून लिहीत नाही. बहुतेक वेळा मागे एखादी अदलाबदल असते. कुणीतरी रविवारची मॉर्निंग बदलून मागितली, इन्चार्जने माणुसकीने हो म्हटलं, रविवारच्या स्तंभात खाडाखोड केली आणि स्तंभाची बेरीज जुळली म्हणून पुढे गेली. शनिवारची चौकट पाहायची राहिली.

दुसरी अडचण याहून लपलेली आहे आणि ती या फोटोत दिसतच नाही. आठव्या ओळीत १ तारखेला इव्हनिंग आहे. त्यात काही वावगं नाही, पण मागच्या तक्त्याच्या शेवटच्या दिवशी तिची नाइट होती. म्हणजे १ तारखेला सकाळी ८ ला सुटून ती दुपारी २ ला पुन्हा हजर. तक्ता बदलतो तिथे अशा भेगा पडतात, कारण नवा कागद आखताना जुना बोर्डावरून निघालेला असतो. म्हणून फोटो मागताना मागच्या तक्त्याचाही मागावा, निदान त्याचा शेवटचा स्तंभ तरी.

संगणकात उतरवलेला तक्ता असेल तर ही शोधाशोध एका ओळीच्या सूत्राने होते. A स्तंभात नाव, B मध्ये मागच्या तक्त्याचा शेवटचा दिवस आणि C ते P मध्ये चौदा दिवस ठेवायचे. पहिली परिचारिका दुसऱ्या ओळीत आहे असं धरलं तर:

```
=COUNTIF(C2:P2,"N")
=COUNTIFS(B2:O2,"N",C2:P2,"M")
=COUNTIFS(B2:O2,"N",C2:P2,"E")
```

पहिलं सूत्र तिच्या नाइट मोजतं. दुसरं आणि तिसरं एक घर सरकवलेल्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून ‘आज नाइट आणि उद्या मॉर्निंग’ किंवा ‘आज नाइट आणि उद्या इव्हनिंग’ अशा जागा मोजतात. तिथे शून्य यायला हवं. नाइट ऑफसाठी NO लिहिलं असेल तरी ते नाइटमध्ये धरलं जात नाही, कारण सूत्र पूर्ण चौकट जुळवून पाहतं. मात्र N नंतर चुकून एक मोकळी जागा टाइप झाली तर ती नाइटही सुटते. त्यासाठीच आधी स्तंभांची बेरीज करून ठेवायची.

आता वाटप. नमुन्याच्या तक्त्यात पहिल्या ओळीपासून क्रमाने नाइट अशा आहेत: २, ४, ७, ३, ६, ४, ० आणि २. बेरीज २८, म्हणजे चौदा रात्री आणि दर रात्री दोघी. सातव्या ओळीतलं शून्य ठरवून दिलेलं आहे, त्यावर वाद नाही. उरलेल्या सातजणींत २८ वाटले तर प्रत्येकीला बरोबर चार येतात. चारच्या जागी एकीला सात आणि एकीला दोन, ही तफावत डोळ्यांना दिसते. पण त्यामागे आणखी एक तफावत लपलेली असते, आणि तिच्याकडे बोट दाखवलं की इन्चार्जही चमकते.

तिसऱ्या आणि आठव्या ओळीत ड्यूट्या मोजल्या तर दोघींच्या अकरा-अकरा आहेत आणि सुट्ट्या तीन-तीन. कागदावर अगदी समान. पण नाइट बारा तासांची आणि बाकीच्या पाळ्या सहा तासांच्या. तिसरीच्या सात नाइटचे ८४ तास आणि चार दिवसपाळ्यांचे २४ मिळून १०८ तास होतात. आठवीच्या दोन नाइटचे २४ आणि नऊ दिवसपाळ्यांचे ५४ मिळून ७८. दोन आठवड्यांत तीस तासांचा फरक, आणि दोघींच्या नावापुढे आकडा एकच, अकरा. बहुतेक वॉर्डांतली ‘मलाच जास्त पडतं’ आणि ‘सगळ्यांना सारखंच आहे’ ही भांडणं अशा मोजणीतून निघतात. दोघीही आपापल्या जागी खरं बोलत असतात, फक्त एक तास मोजते आणि दुसरी चौकटी.

तिसऱ्या ओळीचं आणखी एक दुखणं सुट्ट्यांचं. तिच्या चार नाइट ६ तारखेला संपतात आणि ७ व ८ ला सुट्टी आहे. पण ७ तारखेला सकाळी ८ पर्यंत ती वॉर्डातच होती, आणि तो दिवस झोपेत जातो. उरला ८ तारखेचा दिवस, आणि ९ ला पुन्हा नाइट. नाइटनंतरची पहिली सुट्टी ही शरीराची थकबाकी असते. तिला आठवड्याची सुट्टी म्हणून गणलं की हिशेब कागदावर जुळतो आणि माणूस मात्र दमत जातो.

समान वाटणं म्हणजे निव्वळ समान आकडे नव्हेत, क्रमही धरावा लागतो. माणसाच्या शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे झोप पुढे ढकलणं त्याला सोपं जातं आणि अलीकडे ओढणं अवघड. चार्ल्स झाइसलर, मार्टिन मूर-ईड आणि रिचर्ड कोलमन यांनी अमेरिकेतल्या युटाह राज्यात एका खनिज कंपनीच्या पाळी कामगारांवर याची परीक्षा घेतली. त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. पाळ्या उलट दिशेऐवजी सकाळ, संध्याकाळ, रात्र अशा पुढच्या दिशेने आणि कमी घाईने फिरवल्यावर कामगारांचं समाधान वाढलं आणि कामही सुधारलं. कारखाना आणि वॉर्ड एक नव्हेत, पण ‘मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाइट, मग सुट्टी’ हा क्रम नर्सिंगमध्येही मान्य झालेला आहे.

आठही जणी नाइटला मोकळ्या असत्या तर उत्तर हातात आयतं आलं असतं. दोन मॉर्निंग, दोन इव्हनिंग, दोन नाइट, दोन सुट्ट्या असं आठ दिवसांचं चक्र असतं. आठ जणींनी ते एकेक दिवस मागे-पुढे सुरू करायचं. मग दररोज आपोआप प्रत्येक पाळीला दोघी येतात. दुसरी नाइट सकाळी ८ ला संपल्यापासून पुढच्या मॉर्निंगपर्यंत बरोबर ४८ तास मिळतात. आठवडा सात दिवसांचा आणि चक्र आठ दिवसांचं असल्याने सुट्टीचा वारही दर खेपेला एकाने सरकतो. आठ आठवड्यांत प्रत्येकीला दोन रविवार सकाळचे, दोन दुपारचे, दोन रात्रीचे आणि दोन घरचे येतात. एखाद्या जुन्या वाड्यातल्या कुलपासारखी ही रचना नेमकी बसते आणि एक दात तुटला की फिरत नाही. इथे तो दात सातवी ओळ आहे. तिच्या दोन नाइट कुणाला देणार?

म्हणून उरलेल्या सातजणींसाठी सात दिवसांचं वेगळं चक्र सुचवता येतं. एक मॉर्निंग, दोन इव्हनिंग, दोन नाइट, दोन सुट्ट्या. सातजणी एकेका दिवसाच्या अंतराने त्यात बसल्या की रोज दोन इव्हनिंग आणि दोन नाइट भरतात, मॉर्निंगला एक जण मिळते. दुसरी मॉर्निंग सातव्या ओळीतली सिस्टर करते, आठवड्यातून सहा दिवस. तिच्या सुट्टीच्या दिवशी ज्या सिस्टरची दुसरी सुट्टी आहे ती मॉर्निंगला येते. त्या एका खेपेला नाइटनंतर तिला ४८ ऐवजी २४ तासच मिळतात. हा या रचनेतला कच्चा दुवा आहे आणि तो लपवायचा नाही. बदली येणारी दर वेळी तीच ठरू नये म्हणून सातवीची सुट्टी दर आठवड्याला एका वाराने अलीकडे घ्यायची: या आठवड्यात रविवार, पुढच्या आठवड्यात शनिवार. मग सात आठवड्यांत प्रत्येकीवर ही वेळ एकदा येते.

तासांचा हिशेब पाहिला तर दोन आठवड्यांत सातजणींना चार नाइट आणि सहा दिवसपाळ्या, म्हणजे ८४ तास. बदलीला आलेल्या दोघींना ९०. सातवीला ७२. जुन्या तक्त्यात नाइट करणाऱ्यांतलं अंतर ७८ ते १०८ होतं, ते आता ८४ ते ९० वर आलं. सातवीचे तास कमी आहेत, पण ती आठवड्याला सहा दिवस येते आणि बाकीच्या पाच. कुणाला कोणता बोजा जड वाटतो, हे तिच्याशी आणि बाकीच्यांशी बोलून ठरवावं, आकड्यांवर सोडू नये.

सात दिवसांच्या चक्राचा मोठा दोष म्हणजे वार गोठतात. ज्या सिस्टरच्या सुट्ट्या शनिवार-रविवारी पडल्या तिची चैन होते, आणि जिच्या नाइट त्या दिवशी पडल्या तिच्या घरचं प्रत्येक लग्न तिच्याविना होतं. उपाय सोपा आहे. दर पंधराव्या दिवशी सगळ्यांनी आदल्या दिवशीचीच पाळी पुन्हा करायची. पाळ्यांची बेरीज बदलत नाही आणि अख्खं चक्र एका वाराने पुढे जातं. त्या दिवशी दोघींच्या सलग तीन नाइट होतात, आणि सात पंधरवड्यांत ही पाळी प्रत्येकीवर दोनदा येते.

जुन्या तक्त्यातून नव्या चक्रात उडी कशी मारायची, इथे पुष्कळ चांगले प्रस्ताव आपटतात. पंधराव्या दिवशी कोण कुठल्या घरात बसणार हे चौदाव्या रात्रीवरून ठरवायचं. पहिल्या ओळीतल्या सिस्टरने १३ आणि १४ ला नाइट केली, म्हणून १५ ला तिची पहिली सुट्टी. आठवीने १४ ला नाइट केली आणि १३ ला नव्हती, म्हणून १५ ला तिची दुसरी नाइट. सात नाइट करून थकलेल्या तिसरीला दुसऱ्या सुट्टीच्या घरात बसवायचं. म्हणजे तिची पुढची नाइट थेट १९ तारखेला येते. हे चक्र वर्तुळासारखं मांडलं की आणखी एक सोय दिसते: प्रत्येकीची नाइट फक्त तिच्या पुढच्या आणि मागच्या सिस्टरबरोबर लागते. त्यामुळे चौथी आणि आठवी या नवख्या दोघींना वर्तुळात शेजारी बसवलं नाही, की रात्री वॉर्डात दोघीही नवीन असा प्रसंग येत नाही. आठवी दुसऱ्या नाइटच्या घरात आहे, म्हणून चौथीला पहिल्या इव्हनिंगच्या घरात ठेवायचं.

गणित करणाऱ्या मंडळींना हा प्रश्न फार आवडतो. आठ ओळी, चौदा स्तंभ आणि चौकटीत चारपैकी एक खूण, एवढ्यावर मांडता येणाऱ्या तक्त्यांची संख्या ६८ अंकी निघते. परिचारिकांचे तक्ते लावण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही २०१० मध्ये झाली होती, ज्यात संशोधक आपापले संगणकी उपाय एकमेकांविरुद्ध उतरवतात. सिस्टर इन्चार्ज हेच काम दर पंधरवड्याला राउंड, इंडेंट आणि नातेवाइकांची समजूत यांच्या मधल्या वेळात, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन करते. तपासणाऱ्याने तिच्याकडे जाताना हे विसरू नये. ‘तुमच्या तक्त्यात चार चुका आहेत’ असं म्हणण्यापेक्षा ‘६ आणि ७ तारखेची पाचवी ओळ बघता का’ असं म्हणून कागद पुढे केला, तर काम लवकर होतं. तिला माहीत असलेल्या आणि तक्त्यावर न दिसणाऱ्या गोष्टीही असतात. पहिल्या ओळीतली सिस्टर रात्रीच्या गाडीने ये-जा करते, सहावीच्या सासूबाई आजारी आहेत, तिसरीने स्वतःच नाइट मागून घेतल्या कारण दिवसा तिच्या मुलाला सांभाळायला कुणी नाही. शेवटचं कारण खरं असेल तर सात नाइट हा अन्याय नसून करार ठरतो. तरीही १०८ तास उरतातच, आणि त्याबद्दल बोलावं लागतं.

चक्र कितीही नेटकं आखलं तरी त्याला माणसांची संख्या वाढवता येत नाही. रोज सहा पाळ्या म्हणजे वर्षाला २,१९० ड्यूट्या. आठ दिवसांत सहा ड्यूट्या या हिशेबाने एक परिचारिका वर्षाला सुमारे २७४ करते. तिने सगळ्या प्रकारच्या रजा मिळून तीस दिवस घेतले तर २४४ उरतात. २,१९० ला २४४ ने भागलं तर जवळजवळ नऊ येतात. म्हणजे आठ जणींचा वॉर्ड कागदावर चालतो आणि प्रत्यक्षात एक माणूस कमी असतो. ११ तारखेच्या इव्हनिंगचं भोक तिथून आलं होतं. सातव्या ओळीतली सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि बदली मिळाली, तर आठ जणींचं सुटसुटीत चक्र लावता येईल. बदली मिळाली नाही तर आठवड्याच्या ४२ ड्यूट्या सातजणींत, प्रत्येकी सहा. मग दोन नाइटनंतर एकच सुट्टी, आणि तीही झोपेत जाणारी. मेट्रनकडे माणूस मागायला जाताना ‘स्टाफ कमी पडतो’ या वाक्यापेक्षा ही भागाकाराची ओळ जास्त उपयोगी पडते, कारण तिला उत्तर आकड्यातच द्यावं लागतं.

पंधरवडा संपल्यावर पुन्हा एकदा मोजणी करायची, पण या वेळी बोर्डावरच्या तक्त्याची नाही, तर हजेरी मस्टरची. अदलाबदल, अचानक रजा आणि ‘आज तेवढी थांबतेस का’ यांतून ठरलेल्या चार नाइटच्या पाच आणि तीन होतात. कुणाच्या किती वाढल्या आणि कुणाच्या किती कमी झाल्या, हा आकडा पुढच्या तक्त्याच्या पहिल्या स्तंभात, नावाशेजारी लिहायचा. एक जास्त झालेलीला पुढच्या खेपेला आधी मोकळं करायचं.